पाळी उशिरा येते, कारण बीज उशिरा फुटतं

*डॉक्टर मॅडम, मी ३१ वर्षांची. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात ऊसबिलांचा हिशेब बघते. दिवाळीपर्यंत पाळी २८-२९ दिवसांनी यायची. गळीत हंगाम सुरू झाल्यापासून लांबत गेली. तारखा अशा : १२ नोव्हेंबर, १८ डिसेंबर, २८ जानेवारी, ८ मार्च. रात्री घरी यायला नऊ वाजतात. २९ डिसेंबरला सासऱ्यांना अचानक ॲडमिट करावं लागलं. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, पहाटे मीच घेऊन जाते. वजन ५४ वरून ५० झालं. २० जानेवारीला घरात मोठं भांडण झालं, त्यानेच त्या महिन्यात पाळी लांबली असं मला वाटतं. दिवाळीपासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. १० फेब्रुवारीच्या सोनोग्राफीत सगळ्यात मोठं फॉलिकल ९ मि.मी. होतं, बाकी नॉर्मल. २१व्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन ०.६ आलं, म्हणून 'बीज फुटत नाही' असं सांगितलं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन नॉर्मल. सकाळचं कॉर्टिसॉल मी स्वतःहून केलं, तेही नॉर्मल. मग ताणाचं कारण कसं असेल? जाऊबाई म्हणतात, मेडिकलमधून पाळी आणायच्या गोळ्या घे. घेऊ का?*
*— एक वाचक, कोल्हापूर*

गोळ्या घेऊ नका. आणि ०.६ चा तो रिपोर्ट सध्या बाजूला ठेवा. तपासणी बरोबर झाली असेल, पण दिवस चुकला आहे. तुम्ही तारखा लिहून पाठवल्यात हे फार बरं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणींना मागच्या पाळीची तारीखसुद्धा आठवून सांगावी लागते, आणि तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या चार तारखांतच आहे.

आधी पाळीचा हिशेब समजून घेऊ. पाळीचे दोन भाग असतात. पहिल्यात अंडाशयातलं एक फॉलिकल, म्हणजे बीज असलेली पाण्याची पुळी, वाढत जाते आणि शेवटी फुटते. बीज बाहेर पडल्यावर दुसरा भाग सुरू होतो. फुटलेल्या जागी एक पिवळी गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन सोडते, आणि गर्भ राहिला नाही तर साधारण १४ दिवसांत सुकून जाते. ती सुकली की पाळी येते. हा दुसरा भाग बहुतेक बायकांत १२ ते १४ दिवसांचाच असतो, फार तर एखाद-दोन दिवस इकडेतिकडे. पहिला भाग मात्र लवचिक आहे, तो १२ दिवसांचाही असतो आणि ३० दिवसांचाही. तुमच्या कामातही १४ दिवसांची मुदत आहेच, ऊस कारखान्यात आल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं. ती किती वेळा पाळली जाते हे तुम्हीच जास्त जाणता. शरीरातली ही १४ दिवसांची मुदत मात्र बऱ्यापैकी इमानाने पाळली जाते, आणि म्हणूनच आपल्याला तिच्यावरून उलटं मोजता येतं.

आता ८ मार्चपासून १४ दिवस मागे जा. २१-२२ फेब्रुवारीला येतो आपण. त्या खेपेला तुमचं बीज त्या सुमाराला फुटलं असणार. प्रोजेस्टेरॉनची तपासणी २१व्या दिवशी, म्हणजे १७ फेब्रुवारीला झाली. बीज फुटायच्या चार-पाच दिवस आधी प्रोजेस्टेरॉन ०.६ येणार नाही तर काय येणार? ते बीज फुटल्यावरच वाढतं. २१वा दिवस ठरला तो २८ दिवसांच्या पाळीसाठी. तिथे बीज १४व्या दिवशी फुटतं आणि त्यानंतर सात दिवसांनी प्रोजेस्टेरॉन सगळ्यात जास्त असतं, म्हणून २१. खरा नियम 'पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी' असा आहे. तुमच्यासाठी तो दिवस १ मार्च होता. पण पाळी कधी येणार हे आधी कोणाला माहीत असतं? त्यामुळे लॅबच्या पाकिटावर २१ छापलेलं राहतं आणि लांब पाळी असलेल्या कितीतरी जणी 'बीज फुटत नाही' हा शिक्का घेऊन घरी जातात.

सोनोग्राफीचंही तेच. १० फेब्रुवारीला, म्हणजे १४व्या दिवशी, फॉलिकल ९ मिलिमीटरचं होतं. पुढे सरसावलेलं फॉलिकल शेवटच्या टप्प्यात रोज साधारण २ मिलिमीटरने वाढतं आणि १८ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यान फुटतं. सोनोग्राफी त्याच दिवशी थांबली, म्हणून चित्र अर्धंच राहिलं. ते फॉलिकल पुढे वाढलं की विरून गेलं आणि दुसरंच पुढे आलं, हे कागदावरून सांगता येत नाही. पण २१-२२ फेब्रुवारीला बीज फुटलं असेल, तर १४व्या दिवशी ९ मिलिमीटर यात गैर काहीच नाही. ते नेहमीपेक्षा उशिराने निघालं होतं, इतकंच.

उशीर का होतो, हा आता खरा प्रश्न.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तो जीएनआरएच हे हार्मोन सोडतो, पण नळ सोडल्यासारखं सतत नाही, ठोक्याठोक्याने. पाळीच्या पहिल्या भागात साधारण तास-दीड तासाला एक ठोका. प्रत्येक ठोक्यागणिक खालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच रक्तात सोडते, आणि त्यांच्यावर फॉलिकल वाढतं. ठोक्याचा वेग किती महत्त्वाचा आहे हे १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांवर दाखवून दिलं. ज्या माकडिणींचा स्वतःचा जीएनआरएच बंद पडला होता, त्यांना तासाला एक ठोका या हिशेबाने ते औषध दिलं की एलएच, एफएसएच पुन्हा सुरू व्हायचे. तेच औषध सतत सोडलं की दोन्ही खाली यायचे. तेव्हा हार्मोन किती आहे यापेक्षा ते कोणत्या लयीत येतं यावर सगळं अवलंबून.

ताणाचा घाला या लयीवर होतो. मेंदूला धोका जाणवला की तोच हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं दुसरं हार्मोन सोडतो. ते पिट्युटरीला सांगतं, पिट्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना सांगते, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. चार-दोन दिवसांचा ताण असेल तर कॉर्टिसॉल कामाचंच आहे, साखर वाढवतं, उभं ठेवतं. महिनोन् महिने हे चालू राहिलं की सीआरएच आणि कॉर्टिसॉल, दोन्ही जीएनआरएचच्या ठोक्यांना आवर घालू लागतात. जीएनआरएचच्या पेशींना हाकणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, त्यांच्या हार्मोनचं नाव किसपेप्टिन. ताणाचा बराचसा दाब त्या पेशींवर येतो. ठोका तासाला पडायचा तो दोन-तीन तासांवर जातो.

पाळी बंद न पडता लांबते ती इथे. ठोके थांबत नाहीत, विरळ होतात. फॉलिकलला खुराक मिळतो पण अपुरा, म्हणून ते सावकाश वाढतं. बीज फुटायला मेंदूकडून एलएचची एक मोठी उसळी यावी लागते. ती उसळी केव्हा येते? फॉलिकलने तयार केलेलं इस्ट्रोजेन एका पातळीच्या वर जाऊन जवळजवळ दोन दिवस तिथे टिकलं, की. सावकाश वाढणारं फॉलिकल त्या पातळीला सावकाश पोचतं, कधी एखादं अर्ध्यावर सोडून देतं आणि दुसरं पुढे येतं. एकदा उसळी आली की दीड दिवसात बीज फुटतं आणि पुढची घडी बहुधा नेहमीसारखी चालते. म्हणजे बीज जितके दिवस उशिरा फुटलं, पाळीही तितकेच दिवस उशिरा.

आता तुमची डिसेंबर-जानेवारीची पाळी घेऊ, कारण तीच सगळ्यात लांब आहे. १८ डिसेंबरला पाळी आली. तुमच्या जुन्या चालीने १ जानेवारीच्या आसपास बीज फुटायला हवं होतं. २९ डिसेंबरला सासऱ्यांना ॲडमिट केलंत, म्हणजे १२वा दिवस. फॉलिकल वाढीला लागलेलं, उसळी दोन-तीन दिवसांवर आलेली, आणि नेमक्या त्या वेळी आठ-दहा दिवस दवाखान्याच्या बाकावर झोप, डबा नाही, शिवाय कारखान्यात बिलांची गर्दी. त्यानंतर पाळी आली २८ जानेवारीला. १४ दिवस मागे जा, १४ जानेवारी. म्हणजे बीज दोन आठवडे उशिरा फुटलं. २० जानेवारीचं भांडण तोवर व्हायचंच होतं. ते झालं तेव्हा बीज फुटून सहा दिवस झालेले आणि पाळीची तारीख जवळपास ठरून गेलेली. तेव्हा त्या भांडणाचं खापर निदान या बाबतीत तरी कोणाच्या डोक्यावर फोडू नका.

ही चूक सगळ्याच करतात. पाळी उशिरा आली की आपण मागचे चार दिवस आठवतो : परीक्षा होती, प्रवास झाला, कोणीतरी बोललं. उशिराची पाळी मात्र दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या दिवसांची बातमी देत असते. पाळी संपल्यापासून बीज फुटेपर्यंतच्या दिवसांत काय घडलं, ते बघायचं.

कॉर्टिसॉलच्या रिपोर्टकडे येऊ. तो नॉर्मल आला यात नवल नाही, आणि त्याने ताण नाही हेही ठरत नाही. कॉर्टिसॉल दिवसभर सारखं नसतं. पहाटे वाढत जातं, उठल्यावर सगळ्यात जास्त असतं, मग उतरत उतरत मध्यरात्री तळाला जातं. सकाळच्या एका नमुन्याचा उपयोग ॲड्रिनल ग्रंथी निकामी झाली आहे का, हे बघायला होतो. कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर वाढवणाऱ्या कुशिंग आजाराची शंका आली, तर रात्री उशिराची लाळ, २४ तासांची लघवी किंवा डेक्सामेथासोनची गोळी देऊन दुसऱ्या दिवशीचं रक्त तपासतात. रोजच्या ताणाने जे होतं ते यापेक्षा फार बारीक असतं. संध्याकाळी कॉर्टिसॉल जितकं उतरायला हवं तितकं उतरत नाही, चोवीस तासांची सरासरी थोडी वर राहते, आणि प्रत्येक आकडा मात्र लॅबच्या 'नॉर्मल'मध्येच बसतो. त्यातून दाबाचा मोठा भाग मेंदूच्या आतच घडतो, दंडातून काढलेल्या रक्तात तो दिसणार कसा? तुमची तपासणी चुकीची नव्हती, तिला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. ती पुन्हा करू नका. 'ॲड्रिनल थकलंय' म्हणून पावडरी आणि कॅप्सूल विकणारे बरेच निघालेत, त्यांच्याही नादी लागू नका. असा आजार वैद्यकशास्त्रात नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसत्या मनाच्या ताणाने प्रत्येकीची पाळी लांबत नाही. घरावर डोंगर कोसळूनही २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बायका मी बघते. माकडांवरच्या प्रयोगांत एक बोलकी गोष्ट दिसली. नुसता जागाबदलाचा ताण दिला तर थोड्याच माकडिणींची पाळी बिघडली. नुसतं खाणं थोडं कमी करून व्यायाम वाढवला, तरी थोड्यांचीच. दोन्ही एकत्र आले तेव्हा मात्र बहुतेकींची बिघडली. मेंदू दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडतो. घरात धोका आहे का, आणि अंगात शिल्लक आहे का? वजन कमी झालं की चरबीतून येणारं लेप्टिन घटतं, आणि किसपेप्टिनच्या पेशींना तेही कळतं.

म्हणून तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा पाळीचा नाहीच, तो ५० किलोचा आहे. चार महिन्यांत चार किलो, आणि तेही न ठरवता. तुम्ही लिहिलं नाही, पण अंदाज करते : पहाटे चहा-बिस्कीट, दुपारचा डबा फोनवर बोलताबोलता तीन-चारला, रात्री नऊला घरी येऊन स्वयंपाक, सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकरी. त्यात गुरुवार किंवा चतुर्थी असली तर साबुदाणा तेवढा. हे बदलणं तुमच्या हातात आहे, सासऱ्यांचं मूत्रपिंड नाही. डायलिसिसच्या दिवशी पहाटे निघण्याआधी पोटात खरंखुरं काहीतरी जाऊ द्या, दोन पोळ्या आणि अंडं, किंवा दूध-भाकरी. डबा दोनच्या आत उघडायचा, शेतकऱ्याचा फोन दहा मिनिटांनी लागेल. हंगाम संपेपर्यंत उपवास सोडा, देवी रागावणार नाही. संध्याकाळी सहाला ऑफिसात शेंगदाणे-गूळ किंवा केळं खा, नाहीतर दुपारपासून रात्री दहापर्यंतचा काळ कोरडा जातो. वजन परत ५३-५४ वर येणं हेच सध्याचं औषध समजा. वजन कमी झालंय म्हणून चांगलं दिसतेस, असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

दुसरं झोपेचं. नऊला घरी, अकराला आडव्या आणि डायलिसिसच्या दिवशी चार-साडेचारला उठणं, हे आठवड्यातून दोनदा. यातला एक दिवस नवऱ्याने किंवा दिराने घ्यावा. हे मी सल्ला म्हणून नाही, उपचार म्हणून लिहिते आहे, पत्राचा हा भाग घरात वाचून दाखवा. ताणाने पाळी पूर्ण बंद पडलेल्या १६ स्त्रियांवर अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना २० आठवडे समुपदेशन दिलं, ज्यात खाण्याच्या, कामाच्या आणि स्वतःकडून अपेक्षांच्या सवयी तपासून बदलायच्या होत्या. बाकीच्यांवर फक्त लक्ष ठेवलं. समुपदेशन घेतलेल्यांपैकी ८८ टक्के जणींत अंडाशय पुन्हा काम करू लागलं, दुसऱ्या गटात २५ टक्के. आठ-आठ बायकांवरून फार मोठे दावे करता येत नाहीत. तरी हार्मोनची एकही गोळी न देता हे झालं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तुमची पाळी तर बंदही पडलेली नाही.

जाऊबाईंच्या गोळ्यांविषयी. मेडिकलमधून पाळी आणायला म्हणून जे देतात ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध असतं. पाच-दहा दिवस घेऊन थांबवलं की गर्भाशयाचं अस्तर गळून रक्तस्राव होतो. तारीख आली, सगळे खूश. पण त्याने बीज फुटत नाही, उलट बीज फुटायच्या आधी घेतलं तर त्या महिन्याचं फुटणंच पुढे ढकललं जाऊ शकतं. बाळासाठी प्रयत्न चालू असताना, लघवीची तपासणीही न करता ती घेणं तर मुळीच नको. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचंही तसंच. चैत्रात जोतिबाची यात्रा आली की माझ्याकडे त्यांची रांग लागते, नवरात्रात अंबाबाईसाठी लागते तशीच. ज्या महिन्यात ती गोळी घेतलीत, तो महिना या हिशेबातून बाद. नोव्हेंबरपासून अशी गोळी एकदाही घेतली असेल तर मला कळवा, वरचा सगळा हिशेब मला पुन्हा मांडावा लागेल.

'पीसीओडी असेल' असं कोणी म्हणेलच, म्हणून तेही सांगते. पीसीओडीत पाळी सहसा वयात आल्यापासूनच लांब असते, हनुवटीवर केस, पुरळ, आणि सोनोग्राफीत अंडाशयभर बारीक फॉलिकल्स असं चित्र असतं. तुमची पाळी ३१व्या वर्षापर्यंत २९ दिवसांची होती, बिघडली ती नेमकी नोव्हेंबरमध्ये, वजन वाढण्याऐवजी कमी झालं आणि सोनोग्राफी नॉर्मल आहे. चित्र जुळत नाही. तरी तुम्हाला न तपासता शंभर टक्के सांगणं बरोबर नाही. ताणाचं निदान बाकीची कारणं बाजूला सारूनच करायचं असतं, आणि थायरॉइड-प्रोलॅक्टिन तुम्ही आधीच सारलं आहे. मागच्या हंगामातल्या तारखा कुठे लिहिलेल्या सापडल्या तर बघा. तेव्हाही डिसेंबर ते मार्च पाळी लांबली आणि पावसाळ्यात जागेवर आली असेल, तर माझ्या दृष्टीने तो कुठल्याही रिपोर्टपेक्षा भक्कम पुरावा आहे.

चालू खेप ८ मार्चपासून मोजायची. मागच्या तीन पाळ्यांवरून बघता बीज २२ ते २७व्या दिवसाच्या दरम्यान फुटतंय. म्हणून लघवीत एलएचची उसळी दाखवणाऱ्या पट्ट्या १७व्या दिवसापासून, म्हणजे २४ मार्चपासून रोज वापरा. नेहमीच्या सल्ल्याप्रमाणे ११व्या दिवशी सुरू केल्यात तर पाकीट संपेल आणि उसळी नंतर येईल. पट्टी पॉझिटिव्ह आली की एक-दीड दिवसात बीज फुटतं. त्याच्या आधी चार-पाच दिवस अंगावरून कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, ताणलं जाणारं पाणी जाईल, तेही लिहून ठेवा. शुक्राणू गर्भाशयात पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज जेमतेम एक दिवस. म्हणून १७व्या दिवसापासून एक दिवसाआड संबंध ठेवला की पुरे, तारखेचा धाक घेऊन तो आणखी एक ताण करू नका. पट्टी पॉझिटिव्ह आल्यानंतर आठव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन करा. ते ३ च्या वर आलं की बीज फुटलं हे नक्की. आणि खाणं-झोप सुधारल्यावर पट्टी दर महिन्याला थोडी लवकर पॉझिटिव्ह यायला लागेल. दोन-तीन पाळ्यांत फरक दिसायला हवा, पुढच्याच पाळीत दिसेल असं नाही.

गर्भ राहिला तर एक गोष्ट डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा, नाहीतर विनाकारण रडारड होते. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात आणि ते मोजताना बीज १४व्या दिवशी फुटलं असं धरतात. समजा, गेल्या फेब्रुवारीत तुम्हाला दिवस गेले असते. १८ मार्चला २८ जानेवारीपासून सात आठवडे पूर्ण झाले असते, आणि सोनोग्राफीत सात आठवड्यांचं बाळ, ठोके, सगळं शोधलं असतं. प्रत्यक्षात गर्भ साडेपाच आठवड्यांचा असता. ठोके सहा आठवड्यांच्या आसपास दिसतात, ते दिसले नसते, आणि 'वाढ नाही' असं ऐकून तुम्ही घरी आला असता. बीज उशिरा फुटतं हे आधी माहीत असेल तर डॉक्टर दहा-बारा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करतात आणि बहुधा तेव्हा ठोके दिसतात. पट्टी पॉझिटिव्ह आली ती तारीख म्हणूनच लिहून ठेवायची.

आता, वाट बघत न बसता तपासून घ्यायची वेळ कोणती? दोन पाळ्यांतलं अंतर ४५ दिवसांच्या पुढे जाऊ लागलं, किंवा तीन महिने पाळीच आली नाही, तर. पट्टी पॉझिटिव्ह आल्यापासून दहा दिवसांच्या आतच पाळी येऊ लागली, तर दुसरा भागही आखडतोय, म्हणजे दाब वाढतोय. अंगावर वाफा येणं, योनीत कोरडेपणा, स्तनातून दूध, सतत डोकेदुखीबरोबर नजर अंधूक होणं, किंवा वजन आणखी घसरणं, यांतलं काहीही दिसलं तरी थांबायचं नाही. इस्ट्रोजेन बरेच महिने कमी राहिलं की हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. प्रयत्न सुरू करून वर्ष झालं, म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत काही झालं नाही, तर दोघांनी मिळून तपासणीला या. नवऱ्याची वीर्यतपासणी त्यातली पहिली, सोपी आणि स्वस्त. ती शेवटी ठेवायची आपल्याकडे फार खोड आहे.

मेअखेर मला तीन तारखा कळवा : हंगाम कधी संपला, त्यानंतरची पाळी कधी आली, आणि वजन ५३ ला कधी टेकलं.